ओळखीचं ते आवडीचं
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जिन्यात असे कितीतरी चेहरे आहेत, ज्यांच्याशी पंचवीस वर्षांत 'काय, बरं ना?' यापलीकडे आपलं बोलणं झालेलं नाही. तरी ती माणसं आपल्याला चांगली वाटतात. याला मानसशास्त्रात 'मिअर एक्सपोजर इफेक्ट' म्हणतात. आपण म्हणू, नुसतं नजरेसमोर असण्याचा परिणाम. अमेरिकेतल्या रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ साली तो प्रयोगांनी दाखवला.

मला आवडलेला प्रयोग मात्र मोरलँड आणि बीच यांचा, १९९२ सालचा. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी त्यांनी निवडल्या. कॉलेजच्या एका मोठ्या वर्गात सत्रभरात एक जण एकदाही गेली नाही, दुसरी पाच वेळा, तिसरी दहा आणि चौथी पंधरा वेळा गेली. जायचं, पुढे बसायचं आणि कुणाशीही न बोलता निघायचं, एवढंच. शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती, ती त्यांना जास्त आवडली. गंमत म्हणजे, 'हिला आपण पाहिलंय' हे बहुतेकांना नीट आठवतही नव्हतं!

असं का होतं? पूर्वी पाहिलेली गोष्ट मनाला समजायला सोपी जाते, आणि तो सोपेपणा आपल्याला चांगुलपणा वाटतो, असं एक स्पष्टीकरण आहे. मालिकेचं शीर्षकगीत पहिल्या दिवशी कानावरून जातं आणि महिन्याभरात आपणच ते गुणगुणतो, ते यामुळेच. पण याला मर्यादा आहे. तेच गाणं फार वाजलं की कंटाळा येतो. आणि जे पहिल्यापासूनच नावडतं, ते वारंवार समोर आलं तर जास्तच खुपतं.

साबणाच्या बाबतीत हे चालून जातं. जाहिरातीतलं नाव ओळखीचं वाटलं, वडी घेतली, नुकसान झालंच तर थोडक्यात. पण पैसे गुंतवताना? बँकेत काउंटरपलीकडे बसून मी हे वाक्य फार ऐकलं: "कंपनी चांगली आहे हो, नाव ऐकलंय." अहो, नाव ऐकलंय म्हणजे जाहिरात पाहिलीय! बँकेतल्या ठेवीला ठरावीक मर्यादेपर्यंत, आज पाच लाखांपर्यंत, विमा असतो. कंपनीच्या ठेवीला हा विमा नसतो, तिचं नाव कितीही ओळखीचं असो.

म्हणून सही करण्याआधी एका कागदावर लिहा: नाव सोडून मला या कंपनीबद्दल काय माहीत आहे? कागद कोरा राहिला, तर तो विश्वास नव्हे, नुसती सवय आहे. त्या दिवशी सही करू नका.

आणि जिन्यातल्या त्या ओळखीच्या चेहऱ्याचं नाव मात्र आज जेवताना जरूर विचारा. तिथे सवयीचं रूपांतर ओळखीत व्हायला काहीच हरकत नाही.