हरवलेली पोचपावती आणि जुन्या विवरणपत्राची पुनर्जुळणी

(प्राथमिक शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आयकर खात्याची नोटीस शिक्षकाच्या हाती पडते ती बहुधा चालू वर्षाची नसते. चार-पाच वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रासंबंधी ती विचारणा करते. मधल्या काळात शिक्षकाची मालेगावहून मंगरूळपीरला किंवा रिसोडहून कारंज्याला बदली झालेली असते, बिऱ्हाड हललेले असते, आणि विवरणपत्राची पोचपावती कोणत्या ट्रंकेत राहिली याचा पत्ता नसतो. कागद सापडत नाही म्हणून मागितलेली रक्कम मुकाट्याने भरून मोकळे होणारे शिक्षक थोडे नाहीत. एकदा कापला गेलेला कर ते अशा रीतीने दुसऱ्यांदा भरतात.

वास्तविक कागद हरवला म्हणून त्यातील नोंद हरवत नाही. नोटिशीला उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. विवरणपत्र रीतसर दाखल झाले होते काय, त्यात कोणते आकडे दिले होते, आणि कर खरोखर कापला गेला होता काय. पहिल्या दोहोंचे उत्तर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. तिसऱ्याचे उत्तर मात्र तेथे पुरतेपणी मिळेलच असे नाही. त्यासाठी वेतनपत्रक आणि बँकेचा खातेउतारा यांची जोड घालावी लागते.

आरंभ नोटिशीच्या वाचनापासूनच करावा. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज क्रमांक असणे आवश्यक झाले आहे. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरील Authenticate Notice/Order Issued by ITD या दुव्यावर तो क्रमांक घालून नोटीस खरी आहे याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर वर्ष पाहावे. नोटिशीत 2020-21 असे लिहिलेले असेल, तर ते निर्धारण वर्ष होय. त्यात 2019-20 या वित्तीय वर्षाच्या उत्पन्नाचा विचार होतो. पुष्कळ शिक्षक येथेच चुकतात, आणि एका वर्षाच्या प्रश्नाला पुढील वर्षाची वेतनपत्रके जोडून पाठवितात. शासकीय वेतनाच्या बाबतीत मार्चचे वेतन एप्रिलमध्ये मिळते, हेही ध्यानी ठेवावे. 2019-20 साठी मार्च 2019 चे देयक पहिले आणि फेब्रुवारी 2020 चे देयक शेवटचे धरावयाचे.

यानंतर www.incometax.gov.in या संकेतस्थळावर पॅन क्रमांक घालून प्रवेश करावा. हे संकेतस्थळ 7 जून 2021 रोजी सुरू झाले. तथापि पूर्वीच्या संकेतस्थळावरून भरलेली विवरणपत्रेही त्यावर पाहता येतात. अडचण येते ती बहुधा परवलीच्या शब्दाची. ज्याने विवरणपत्र भरून दिले, त्याचाच भ्रमणध्वनी व ईमेल तेथे नोंदलेला असतो, आणि खात्याचे सर्व संदेश त्याच्याकडे जातात. अशा वेळी Forgot Password येथे जाऊन आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर ओटीपी मागवावा व नवा परवलीचा शब्द घ्यावा. आत गेल्यावर प्रथम संपर्काचा तपशील बदलून स्वतःचा करावा. नाहीतर पुढील पत्रही परक्याच्याच हाती जाईल.

आतील e-File या सदरात Income Tax Returns आणि त्याखाली View Filed Returns असे स्थान आहे. तेथे वर्षवार यादी येते. पाहिजे त्या वर्षापुढे Download Receipt म्हणजे पोचपावती, Download Form म्हणजे संपूर्ण विवरणपत्र, आणि Download Intimation Order म्हणजे विवरणपत्र तपासून खात्याने काढलेले पत्र, असे तीन कागद मिळतात. तिन्ही उतरवून घ्यावेत. पीडीएफ उघडताना परवलीचा शब्द विचारला गेल्यास लहान लिपीतील पॅन आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ अंक लिहावेत. उदाहरणार्थ, जन्मतारीख 1 जुलै 1975 असल्यास

```
abcde1234f01071975
```

पोचपावती मिळाली एवढ्यावर समाधान मानू नये. तिच्याशेजारी दिलेली पडताळणीची स्थिती वाचावी. विवरणपत्र चढविणे आणि त्याची पडताळणी करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पूर्वी पडताळणीसाठी 120 दिवसांची मुदत होती. 1 ऑगस्ट 2022 पासून ती 30 दिवसांची झाली. ओटीपीने पडताळणी न करणाऱ्यास सही केलेला कागद बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने पाठवावा लागे, आणि तो पाठविण्याचे अनेकांकडून राहून गेले. पडताळणी झालेली नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते विवरणपत्र दाखल झालेलेच नाही. अशा प्रकरणी Services या सदरातील Condonation Request मधून विलंब माफ करण्याची विनंती करावी लागते. दुसरी मर्यादा अशी की, कागदावर भरून कार्यालयात दिलेली जुनी विवरणपत्रे येथे उतरवून घेता येत नाहीत.

आता एक उदाहरण पूर्ण पाहणे इष्ट होईल. समजा, एका शिक्षिकेची 2019 च्या नोव्हेंबरमध्ये मालेगाव पंचायत समितीतून मंगरूळपीर पंचायत समितीत बदली झाली. हिशेब सोपा राहावा म्हणून तिचे एकूण वेतन वर्षभर दरमहा 52,400 रुपये धरू. वर्षाचे 6,28,800 झाले. त्यातून प्रमाणित वजावट 50,000, व्यवसायकर 2,500 आणि भविष्यनिर्वाह निधी 60,000 वजा जाता 5,16,300 उरतात. त्यावरील कर उपकरासह 16,390 रुपये. पैकी 4,390 पहिल्या कार्यालयाने कापले, आणि डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारीच्या देयकांतून दरमहा 4,000 प्रमाणे 12,000 दुसऱ्या कार्यालयाने कापले. विवरणपत्रात तिने 16,390 हाच आकडा दाखविला. पुढे काही वर्षांनी 12,000 रुपये व त्यावरील व्याज यांची मागणी आली.

कारण कोठे शोधावयाचे? Income Tax Returns याच सदरात View Form 26AS आहे. कोणत्या कार्यालयाने या पॅनवर किती कर भरला, याची नोंद त्यात असते. शिक्षिकेच्या नोंदीत पहिल्या कार्यालयाचे 4,390 दिसतात आणि दुसऱ्या कार्यालयाचे नावच नाही. कर कापला गेला, परंतु कार्यालयाच्या 24Q या त्रैमासिक विवरणात पॅनचा एक अंक चुकला, असे घडले की ती रक्कम दुसऱ्याच खात्यावर जाते किंवा अधांतरी राहते. कपात मुळातच झाली नसेल, तरीही 26AS मध्ये अशीच रिकामी जागा दिसते. दोहोंतील भेद संकेतस्थळ सांगू शकत नाही. तो बँकेच्या उताऱ्यावरून ओळखता येतो.

शिक्षिकेच्या वेतनातून दरमहा भविष्यनिर्वाह निधी 5,000, व्यवसायकर 200 आणि पतसंस्थेचा हप्ता 6,000 जात असे. कर कापला नसता, तर खात्यात 41,200 जमा झाले असते. उताऱ्यात नोव्हेंबरच्या देयकापोटी 41,200, तर डिसेंबर व जानेवारीच्या देयकांपोटी 37,200 जमा दिसतात. फेब्रुवारीच्या देयकापोटी मार्चमध्ये 37,100 जमा आहेत. हा शंभराचा फरक कशाचा, अशी शंका तपासणाऱ्यास येईल. फेब्रुवारीत व्यवसायकर 300 रुपये कापला जातो, हे त्याचे उत्तर. अशा रीतीने दरमहा 4,000 कमी आले, हे उताऱ्याने सिद्ध झाले. परंतु ते करापोटी कमी आले, की पतसंस्थेचा हप्ता वाढल्यामुळे, हे बँक सांगू शकत नाही. म्हणून शालार्थ प्रणालीतील वेतनपत्रक, किंवा ते न मिळाल्यास गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील वेतनदेयकाची साक्षांकित प्रत, उताऱ्याशेजारी ठेवावी. वेतनपत्रकातील निव्वळ वेतन आणि उताऱ्यातील जमा रक्कम रुपयाला रुपया जुळली, म्हणजे आयकराच्या रकान्यातील 4,000 रुपयांना आधार मिळतो.

खातेउतारा मागताना वर्ष व महिने स्पष्ट लिहावेत, आणि 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे प्रमाणपत्रासह प्रत मागावी. साधी छापील प्रत व अशी प्रत यांच्या पुराव्याच्या मूल्यात अंतर आहे. बँकांना मुख्य खातेवह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. त्याहून जुनी नोंद मिळेल किंवा मिळणारही नाही, म्हणून अर्ज लांबवू नये. बँकेचे विलीनीकरण झाले असेल, तर नव्या बँकेकडे अर्ज करावा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँकेत समाविष्ट झाली, आणि देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. जुना खाते क्रमांक व शाखेचे नाव अर्जात लिहिल्यास शोध लवकर लागतो.

यापुढील पत्र गटशिक्षणाधिकारी कार्यालयास लिहावयाचे. त्या तीन महिन्यांचा कर कोणत्या चलनाने भरला, त्या चलनाचा बँक-शाखेचा संकेतांक, तारीख व अनुक्रमांक कोणता, आणि 24Q मध्ये या शिक्षिकेचा पॅन काय लिहिला गेला, एवढे लेखी मागावे. मुदत उरली असल्यास कार्यालय दुरुस्त विवरण भरू शकते. ही मुदत आता आखूड झाली आहे. 2024 च्या दुरुस्तीने सहा वर्षांची मर्यादा घातली आणि 2025 च्या आयकर कायद्याने ती दोन वर्षांवर आणली. म्हणून जुन्या वर्षांत दुरुस्ती शक्य न झाल्यास कार्यालयाचा दाखला, वेतनपत्रके आणि बँक-उतारा हेच शिक्षिकेचे बळ ठरते.

त्या बळास कायद्याचा आधार आहे. 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 205 असे सांगते की, जेवढा कर उगमस्थानी कापला गेला, तेवढा करदात्याकडून पुन्हा मागता येत नाही. कर कापून मालकाने तो सरकारात भरला नव्हता, अशा एका पगारदाराच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली हेच तत्त्व लावले आणि वसुली मालकाकडून करावी असे ठरविले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 11 मार्च 2016 च्या ज्ञापनात अशा मागणीची सक्तीने वसुली करू नये, असे अधिकाऱ्यांस कळविले. जुन्या वर्षांचा विचार जुन्याच कायद्याने होतो, म्हणून नवा कायदा आला तरी हे कलम 2019-20 च्या प्रकरणी लागू राहते. मात्र कपात झाली हे दाखविण्याचा भार शिक्षिकेवरच राहतो.

उत्तर Pending Actions या सदरातील Response to Outstanding Demand येथे द्यावयाचे. मागणी मान्य नाही असा पर्याय निवडून कारण लिहावे, आणि पोचपावती, वेतनपत्रके, उतारा व कार्यालयाचा दाखला जोडावा. खात्याचा आदेश ज्या वित्तीय वर्षात निघाला, त्याच्या अखेरीपासून चार वर्षे झालेली नसतील, तर कलम 154 खाली चूक दुरुस्तीचा अर्जही करावा. गप्प राहिल्यास पुढील वर्षाचा परतावा या मागणीत वळता होऊ शकतो. उत्तर दिल्याचा व्यवहार क्रमांक येतो. तो तिन्ही महिन्यांच्या आकड्यांच्या तक्त्यासह छापून सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीजवळ ठेवावा, कारण पुढील बदलीनंतर याच वर्षाची विचारणा पुन्हा येऊ शकते.