एका गावाचे चार स्तंभ

शाळेत पट मांडताना किंवा ग्रामपंचायतीत पाहणी करताना आता माहिती मोबाइलवर भरून घेतात, संगणकाच्या तक्त्यात उतरवतात आणि तिचा स्तंभालेख काढतात. त्यात एक चूक नेहमी होते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी आज बोलू.

समजा, एका विद्यालयात तीन तालुक्यांतून ६० मुले येतात. संध्याकाळची जादा एस.टी. कोणत्या बाजूला मागायची, हे ठरवायचे आहे. प्रत्येक मुलाने आपल्या तालुक्याचे नाव लिहिले. आलेख काढला, तर पाटणचा स्तंभ सर्वांत उंच : १८. वाळव्याचा १६. आणि कराडचा ११. अर्थात गाडी पाटणला!

पण जरा थांबा. त्या आलेखात तीन नव्हे, सहा स्तंभ उभे आहेत. ‘कराड’ ११, पुन्हा ‘कराड’ ६, ‘कऱ्हाड’ ५ आणि पुन्हा ‘कऱ्हाड’ ४. एकाच तालुक्याचे चार तुकडे झाले आहेत. हे झाले कसे?

आपण शब्द वाचतो, संगणक अक्षरचिन्हे मोजतो. मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला, की कळफलक पुष्कळदा त्यापुढे आपणहून एक मोकळी जागा सोडतो. ती आपल्याला दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी तेही एक चिन्हच. ते सहा ‘कराड’ असे शेपटीवाले आहेत. याची परीक्षा सोपी आहे. नाव A2 या घरात असेल, तर शेजारच्या घरात `=LEN(A2)` लिहा. ‘कराड’ची चिन्हे चार : क, र, काना आणि ड. उत्तर पाच आले, तर पाचवे चिन्ह कुठेतरी दडून बसले आहे असे समजा.

‘कऱ्हाड’चे दुखणे निराळे. त्यातला अर्धा र दोन रीतींनी उमटतो : खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मोजणीत मात्र पहिला सहा चिन्हांचा, दुसरा सात चिन्हांचा.

आता सफाई. मूळ रकान्याला हात लावू नका, कारण उद्या शंका आली तर ताडून पाहायला तोच लागेल. शेजारी नवा रकाना घ्या आणि त्यात हे सूत्र लिहून खालपर्यंत उतरवा :

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

यातले TRIM शब्दाच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढते. संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात कधी निराळ्या जातीची, १६० क्रमांकाची मोकळी जागा असते. एकटे TRIM तिला ओळखत नाही, म्हणून आधी ती साध्या जागेत बदलून घ्यायची.

एवढ्याने ११ आणि ६ मिळून कराडचे १७ झाले. पण पाटण अजून १८ वरच आहे! म्हणजे अर्धी सफाई करून थांबलो असतो, तरी निर्णय चुकलाच असता. लेखनभेद सूत्राला कळत नाहीत. तिथे माणूसच हवा. त्यासाठी आलेली सगळी वेगवेगळी नावे एकेकदा लिहून काढा आणि प्रत्येकासमोर आपण मान्य केलेले एकच रूप लिहा. दोन्ही ‘कऱ्हाड’समोर ‘कराड’ लिहिले, की ५ आणि ४ त्यात येतात. कराडचे झाले २६. गाडी कोणत्या बाजूला हवी, ते आता कळले.

मात्र सारखे दिसले की एकत्र करायचे, असेही नव्हे. गावांची यादी असेल, तर अमुक खुर्द आणि अमुक बुद्रुक ही दोन वेगळी गावे असतात. त्यांची मोट बांधली, तर एका गावाची मुले दुसऱ्याच्या खात्यात जातील. आणि नुसतेच गावाचे नाव लिहिलेले असेल, तर अंदाज न करता त्या मुलालाच विचारावे. यादी करणारा माणूस त्या भागाचा माहीतगार हवा, तो यासाठीच.

शेवटी बेरीज करून पाहा. सफाईपूर्वी ११, ६, ५, ४, १८ आणि १६ मिळून ६०. सफाईनंतर २६, १८ आणि १६ मिळूनही ६०. स्तंभ कमी झाले पाहिजेत, मुले कमी होता कामा नयेत. बेरीज ढळली, तर एखादे नाव यादीतून सुटले आहे असे समजावे.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढच्या वेळी एक करावे. तालुक्याचे नाव मुलांना लिहायला न लावता, तीन नावे देऊन त्यांतून एक निवडायला सांगावे. मग हा खटाटोप निम्म्याहून अधिक वाचेल. आणि आलेखाखाली एकच नाव दोनदा दिसले, तर स्तंभांची उंची पाहण्याआधी LEN लावून पाहावे.