हनुवटी : टिकाऊपणा आणि परतीची वाट
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मागे गेलेली हनुवटी पुढे आणण्याचे आज तीन मार्ग आहेत : सुईने भरण द्यावे, हाडावर सिलिकोनचा तुकडा बसवावा, किंवा हाडच कापून पुढे सरकवावे. यांतील अधिक टिकणारा कोणता, हे लोक विचारतात. परंतु मन बदलल्यास मागे फिरता येईल काय, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न सहसा राहून जातो. म्हणून आज एका उदाहरणाच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

समजा, सव्वीस वर्षांची एक तरुणी आली आहे. तिची हनुवटी असावी त्यापेक्षा ८ मिलिमीटर मागे आहे, आणि चेहऱ्याचा खालचा भाग उंचीलाही ३ मिलिमीटर कमी आहे. सर्वप्रथम तिचे दात पाहावयाचे. खालचे दात वरच्यांच्या फार मागे पडत असतील, तर दोष हनुवटीचा नसून संपूर्ण खालच्या जबड्याचा असतो. तेथे नुसती हनुवटी सजविणे म्हणजे मूळ दोष झाकणे होय. हिचे दात मात्र नीट जुळतात.

पहिला मार्ग हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरचा. काम काही मिनिटांचे. परिणाम साधारणतः एक ते दोन वर्षे टिकतो. हायल्युरोनिडेज नावाचे द्रव्य टोचले, की बहुतेक भरण एकदोन दिवसांत विरघळते. परतीची वाट इतकी सोपी दुसऱ्या कोणत्याही मार्गात नाही. मात्र कॅल्शियमयुक्त फिलर या द्रव्याने विरघळत नाही. म्हणून काय टोचले जात आहे, हे आधी विचारून घ्यावे. खरा धोका भरण रक्तवाहिनीत जाण्याचा. त्वचा एकाएकी पांढरी पडली, मग तिच्यावर जांभळी जाळी दिसू लागली आणि वेदना वाढली, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेला उपचार करवावा. शिवाय ८ मिलिमीटरची उणीव भरण्यास फिलर पुष्कळ लागतो, आणि हनुवटी टोकदार होण्याऐवजी बोजड दिसू लागते. थोड्या उणिवेस तो उत्तम.

दुसरा मार्ग रोपणाचा. हनुवटीखाली किंवा ओठाच्या आतून छेद घेऊन सिलिकोनचा तुकडा हाडाच्या आवरणाखाली बसवितात. तो अनेक वर्षे टिकतो, आणि काढताही येतो. परंतु ‘काढता येतो’ म्हणजे ‘पूर्ववत होते’ असे नव्हे. ताणलेली त्वचा आणि स्नायू रिकाम्या जागेवर सैल पडू शकतात. तुकड्याखालचे हाडही दाबाने थोडेफार झिजते. तुकडा खालच्या काठाच्या घट्ट हाडावर असेल, तर ही झीज सहसा निरुपद्रवी राहते. वर सरकला, तर ती दातांच्या मुळांकडे जाऊ शकते. सच्छिद्र पॉलिइथिलीनच्या रोपणात तर ऊतीच शिरतात, त्यामुळे ते काढणे जिकिरीचे होते. आपल्या तरुणीस पुढची उणीव रोपणाने भरता येईल. उंचीची उणीव मात्र नेहमीच्या रोपणाने फारशी भरत नाही.

तिसरा मार्ग हाडाचा. ओठाच्या आतून छेद घेऊन, ओठाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या छिद्राखाली सुमारे ५ ते ६ मिलिमीटर अंतर राखून हाड आडवे कापतात. एवढे अंतर अशासाठी, की बाहेर पडण्यापूर्वी हा मज्जातंतू हाडात थोडा खाली उतरून मग वर येतो. सुटा झालेला तुकडा ८ मिलिमीटर पुढे आणि ३ मिलिमीटर खाली नेऊन टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूंनी बसवितात. वरची त्वचा हाडाच्या बहुतांश हालचालीबरोबर येते. येथे सुमारे ७ मिलिमीटर धरावी. तोंडातून हे काम करण्याची रीत ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी १९५७ मध्ये मांडली.

हाड जुळले, की ही हनुवटी तिची स्वतःची आणि कायमची. किंमत अशी, की खालचा ओठ काही आठवडे, कधी महिनोन्महिने बधिर राहतो, आणि काहींचा थोडा बधिरपणा कधीच जात नाही. मागे फिरावयाचे, तर पुन्हा हाड कापावे लागते.

अशा तरुणीस मी तिसरा मार्ग सुचवीन. परंतु ती साशंक असेल, तर आधी थोडा फिलर टोचून काही महिने आरशात पाहू द्यावे. उंचीचा पूर्ण अंदाज त्याने येणार नाही; पण पुढे आलेली हनुवटी तिला आपली वाटते की परकी, हे कळेल. मग फिलर विरघळवून हाडाला हात घालावा. परतीची वाट आहे तोवरच निश्चय पारखून घेणे शहाणपणाचे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.