परिचयात आधी काय लिहावं?

तीस वर्षं उलटलेल्या एका इमारतीच्या सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनिअर शोधायला घेतलाय, असं समजा. एकाच्या परिचयात ताज्या तारखेपासून मागे जाणारी यादी आहे: 2024 चा एका क्लबचा गुणवंत नागरिक पुरस्कार, 2021 चं ऊर्जा लेखापरीक्षक प्रमाणपत्र, 2016 चं व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व आणि सर्वांत शेवटी, 2009 पासूनची महापालिकेकडची स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी.

सेक्रेटरींना हवी होती ती शेवटची ओळ! ऑडिटचा दाखला महापालिका नोंदणीकृत इंजिनिअरचाच स्वीकारते. म्हणून नोंदणी पहिली, आणि तिच्याशेजारी ती कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे तेही. जुनी नोंदणी वर आणताना वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येते, की ती अजून चालू आहे ना?

त्यानंतर संघटनेचं सभासदत्व. नुसती वर्गणी भरून मिळालेलं असेल तर ते खालीच बरं. काम तपासून दिलेली फेलोशिप असेल तर वर. ऊर्जेचं प्रमाणपत्र इथे तिसरं. मात्र हेच गृहस्थ वीजबचतीवर बोलायला गेले, तर तेच पहिलं. क्लबचा पुरस्कार, खरं सांगायचं तर, या सोसायटीसाठी गाळलेलाच चांगला.

दोन गोष्टी सारख्याच उपयोगाच्या असल्या, तर नवी आधी. नोकरीच्या छापील अर्जात तारखेचा क्रम मागितला असेल, तर तिथे मात्र तोच पाळावा लागतो.