जुन्या मोटारीच्या टायरांची साक्ष

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही विद्वान नव्हे. मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली, आणि त्या आधारावरच कार्यवाहांनी मला येथे उभे केले आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबे पहिली मोटार जुनीच घेतात. ती घेताना रंग पाहिला जातो, गाद्या पाहिल्या जातात, इंजिनाचा आवाज ऐकला जातो. टायरांवर मात्र एक ओझरती नजर टाकून 'नक्षी बरी आहे' असे म्हटले जाते. टायर किती झिजला आहे हे पाहणे योग्यच. पण तो कोठे झिजला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तेवढ्यापुरतेच आज बोलतो.

सन २०२४ मध्ये माझ्या भाच्याने पुण्यात एक लहान मोटार पसंत केली. गाडी मे २०१९ मध्ये तयार झालेली, धाव अडतीस हजार किलोमीटरची, रंग आरशासारखा. त्याने विसार देण्याचे ठरवूनच मला फोन केला. "मामा, तुम्ही नुसते एकदा पाहून घ्या," असे तो म्हणाला. वृद्ध आईला घेऊन नाशिकच्या वाऱ्या कराव्या लागत, म्हणून साठवलेले सारे पैसे तो त्या गाडीत घालणार होता.

मी प्रथम टायरांची जन्मतारीख वाचली. टायरच्या बाजूवर, लहानशा लंबवर्तुळात, चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे १२१९ याचा अर्थ २०१९ सालचा बारावा आठवडा. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूस असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला येते. तेव्हा हाती विजेरी घेऊन वाकावे लागते. या गाडीचे तीन टायर आणि स्टेपनी २०१९ च्या आरंभीची, म्हणजे गाडीबरोबरच आलेली होती. पुढचा डावा टायर मात्र २०२२ चा होता. एकच टायर बदलणे हा काही गुन्हा नव्हे. दगडाने बाजू फाटली तर एकच बदलावा लागतो, आणि मालकानेही तेच कारण सांगितले. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला.

मग मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि नंतर पूर्ण उजवीकडे वळवावयास सांगितले. हे आपण अवश्य करावे. गाडी सरळ उभी असता टायरची बाहेरची कडच डोळ्यांसमोर असते, आतली कड झाकलेली राहते. विकणाराही बाहेरचीच बाजू घासून-पुसून चकचकीत करतो. चाक वळले की आतली कड उघडी पडते. खाचेची खोली मी लहानशा मापाने तीन जागी मोजली. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बाद समजावा. खाचेच्या तळाशी असलेले लहान उंचवटे नेमके तेवढ्याच उंचीचे असतात. उजव्या जुन्या टायरवर तिन्ही जागी सुमारे तीन मिलिमीटर भरले. डाव्या टायरवर बाहेर साडेपाच, मध्ये पाच आणि आत अवघे अडीच! वयाने तीन वर्षांनी लहान असलेला टायर आतल्या कडेला म्हाताऱ्या टायरहून अधिक झिजला होता.

येथे झिजेची भाषा थोडी समजून घ्यावी. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. नक्षीवरून तळहात आडवा फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांची तोंडे एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून अधिक वळलेली आहेत. हा दोष अलाइनमेंटच्या दुकानात टाय-रॉड फिरवून बहुधा थोड्याच वेळात दूर होतो. परंतु एकाच चाकाची एकच कड झिजली आणि त्याच्या जोडीदाराची झिजली नाही, तर ते चाक उभ्या रेषेतून कलले आहे असे समजावे. या कलाला कॅम्बर म्हणतात. पुष्कळशा लहान मोटारींत तो जुळवण्याची सोयच नसते. कारखान्यातून येतो तोच राहतो. मग तो बदलला कशाने? काहीतरी वाकले, सरकले किंवा सैल झाले म्हणून.

म्हणून आम्ही गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली. काही शे रुपयांचे काम, पण कागद हाती येतो. उजव्या चाकाचा कल आत अर्धा अंश, डाव्याचा जवळजवळ दोन अंश. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाहून अधिक तफावत असेल तर मी सावध होतो. नंतर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर टेपने मोजले. उजवीकडच्या मानाने डावीकडे बारा मिलिमीटर कमी भरले; म्हणजे डावे चाक मागे ढकलले गेले होते. शेवटी बॉनेट उघडून शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे टोक ज्या पत्र्यात बसते तो पत्रा पाहिला. उजवीकडे कारखान्यातल्या वेल्डचे सारख्या अंतरावरचे गोल ठिपके होते. डावीकडे जाडसर, हाताने केलेला वेल्ड आणि त्यावर ब्रशाने लावलेला रंग. टायरने जे सुचवले होते ते पत्र्याने कबूल केले.

मालकास दाखवले तेव्हा तो खरोखरच चकित झाला. त्याने ती गाडी २०२३ मध्ये दुसऱ्याकडून घेतली होती; टायरचे कारणही त्याला मिळाले तसेच त्याने आम्हांस सांगितले होते. मला तो खोटा वाटला नाही. तोही फसलेलाच होता. भाच्याने गाडी घेतली नाही.

तथापि या साक्षीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खड्ड्यात आदळून वाकलेला खालचा आर्म किंवा सैल झालेला बॉल जॉइंट यांनीही चाक कलते. तो भाग बदलला की दोष जातो आणि गाडी घेण्याजोगी राहते. म्हणून टायर पाहून निकाल देऊ नये, फक्त पुढील तपासणी मागावी. टायर एका चाकावरून दुसऱ्या चाकावर फिरवलेले असू शकतात. त्यामुळे मागचे टायरही त्याच बारकाईने पाहावेत.

आणि चारही टायर कोरे करकरीत असले तर? मी एकदा एका आप्तासाठी अशीच गाडी आनंदाने पसंत केली होती. टायरांचा खर्च वाचला, असे मीच त्याला सांगितले. सहा महिन्यांत पुढच्या एका टायरची आतली कड तारेपर्यंत गेली, आणि आतला वाकडा पत्रा मग सापडला. नव्या टायरांनी जुनी साक्ष पुसून टाकली होती, आणि मी त्यांनाच गाडीचा गुण समजलो. तेव्हापासून कोरे टायर दिसले की मी यंत्रावरचा कागद मागितल्यावाचून हो म्हणत नाही. विकणारा कागदास तयार नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी विसाराचे पैसे खिशातच राहू द्यावेत.