तृतीयातला मंगळ आणि पाठचं भावंड



पत्रिका पाहताना पालकांचा एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. "थोरल्याच्या तिसऱ्या घरात मंगळ आहे. धाकट्याला बाधेल का?" आज एवढंच बोलू.

तृतीय म्हणजे सहजस्थान. पाठची भावंडं इथून पाहतात, थोरली अकराव्यावरून. हेच पराक्रमाचंही घर. बाहू, हाताचं काम, जवळचे प्रवास, लेखन, स्वतःच्या बळावर केलेली खटपट, सगळं इथलंच. भावंडं आणि पराक्रम या दोन्हींचा कारक मंगळ. त्यामुळे गुंता होतो. तृतीय हे उपचयस्थान. तिथे पापग्रह बळ देतो आणि ते वयाबरोबर वाढतं. पण कारक स्वतःच्याच भावात बसला तर त्या भावाची हानी करतो, असंही सूत्र आहे. दुसरं सूत्र तेवढं लक्षात राहतं आणि घरात भीती शिरते.

एक उदाहरण पाहू. कन्या लग्न, तृतीयात वृश्चिक रास आणि तिथेच मंगळ. हा मंगळ स्वगृहीचा, म्हणजे भावेशही तोच आणि कारकही तोच. घरधनी घरातच असल्यावर हानीचं सूत्र जोराने लावता येत नाही. त्यात गुरू कर्केत, लाभात असेल, तर त्याची पाचवी दृष्टी तृतीयावर येते. अशा पत्रिकेवरून धाकट्याबद्दल वाईट बोलायला आधार नाही.

आता वृषभ लग्न घ्या. तृतीयात कर्क रास, मंगळ नीचेचा, सोबत शनी आणि गुरूची दृष्टी नाही. इथे भावंडांत अबोला किंवा वाटणीचा वाद संभवतो, असं म्हणता येईल. तरीही धाकट्याची स्वतःची पत्रिका पाहिल्याशिवाय त्याच्या आयुष्याबद्दल, प्रकृतीबद्दल अवाक्षर काढू नये. त्याचं लग्न वेगळं, दशा वेगळी. आणि एकच मूल पुरे असं आईवडिलांनीच ठरवलं असेल, तर ते मंगळाच्या नावावर कशाला घालायचं?

पराक्रमाचं पाहायचं तर मंगळाच्या दृष्टी पाहा. तृतीयातून त्याची चौथी दृष्टी षष्ठावर, सातवी भाग्यावर, आठवी दशमावर पडते. म्हणजे स्पर्धा, भाग्य आणि काम. भाग्यस्थान तृतीयाच्या अगदी समोर आहे. अशा माणसाचं भाग्य खटपट केल्यावरच हलतं, असा अर्थ आम्ही लावतो. लग्नेश दुर्बळ असेल तर तोच मंगळ नुसता उतावळेपणा देतो. कामं धडाक्यात सुरू होतात आणि अर्धी राहतात. ही खूण सहज ओळखू येते.

धाकटा आजारी पडला की थोरल्याच्या मंगळाकडे बोट दाखवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. ते पोर मनात अपराध घेऊन वाढतं. त्याच्या पत्रिकेतला मंगळ मात्र त्याला हातपाय हलवायला सांगत असतो. त्याला तेवढंच सांगावं.

गणपती बाप्पा मोरया!