साठ अंशांवरची कोंबडी



अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा अशी पद्धत आहे. तो मी घेणार नाही. गेले काही दिवस तुमच्यापैकी अनेकांचे फोन आले आणि बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : सू-वीदमध्ये कोंबडी नेमकी किती अंशांवर ‘सेफ’ होते? मला हा प्रश्नच अर्धा वाटतो. आजचं भाषण त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

आपण शिकलो तेव्हा चिकनसाठी एकच आकडा पाठ करून घेतला होता : गाभ्यात 74 अंश. हा आकडा चुकीचा नाही. तिथे साल्मोनेला काही सेकंदांत मरतो, म्हणून वेळ मोजायची गरज पडत नाही. तंदूरच्या, तव्याच्या घाईत तो सोयीचा आहे. पण 74 ला ब्रेस्टमधलं पाणी पिळून निघतं आणि पाहुण्यासमोर कापूस जातो. साठ अंशांवर तेच मांस रसाळ राहतं. जंतू तिथेही मरतात, मात्र सावकाश. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात ही देवाणघेवाण सरळ मांडली आहे : गाभा 70 अंशांवर 2 मिनिटं, किंवा 65 वर 10 मिनिटं, किंवा 60 वर 45 मिनिटं. तिन्हींचा परिणाम सारखाच धरला जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत 60 अंशांना कोंबडीसाठी मांसातल्या चरबीप्रमाणे साधारण 25 ते 35 मिनिटं मिळतात, आणि तिथलं उद्दिष्ट कोटी साल्मोनेलांतला एकच उरावा असं आहे. चरबी जास्त असेल तर जंतू जरा जास्त तग धरतात, म्हणून लेगला ब्रेस्टपेक्षा अधिक वेळ द्यायचा.

यात एक गोष्ट नीट बघा. पाच अंश खाली आलो की वेळ चार-पाच पटींनी वाढतो. म्हणजे दोन अंशांची चूकसुद्धा किरकोळ नाही. तुमचा सर्क्युलेटर 60 दाखवतोय आणि पाणी प्रत्यक्षात 58 आहे, तर लागणारा वेळ साधारण दुप्पट होतो. म्हणून यंत्राच्या पडद्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर ठेवा. तो बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून तपासा, शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात तपासायचा असेल तर पुण्यात 100 ची अपेक्षा धरू नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, पाणी 98 च्या आसपास उकळतं. चांगला थर्मामीटर केवळ या कारणासाठी ‘खराब’ म्हणून बाजूला टाकलेला मी पाहिला आहे.

हे आकडे गाभ्याचे आहेत, पाण्याचे नाहीत. सगळा घोळ इथे होतो. ‘साठ अंश, एक तास’ अशी रेसिपी हातोहात फिरते आणि तिच्यात जाडीचा उल्लेखच नसतो. समजा, फ्रिजमधून पाच अंशांवर काढलेलं 25 मिलिमीटर जाडीचं ब्रेस्ट साठच्या पाण्यात सोडलं. त्याचा गाभा पाण्याच्या तापमानाला टेकायला साधारण सव्वा तास लागतो. त्यापुढे मारण्याची पस्तीस मिनिटं. झाले एक तास पन्नास. चढताना शेवटच्या दोन-तीन अंशांतही काही जंतू मरतात, त्यामुळे छापील तक्त्यांत वेळ थोडा कमी दिसतो; मी तरी पूर्ण दोन तास धरतो. चवीत काही फरक पडत नाही. ‘साठ अंश, एक तास’वाल्याने पाकीट बाहेर काढलं, तेव्हा मारण्याचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं.

आता बँक्वेटचा प्रसंग घ्या. दीडशे पोर्शन आहेत, पाकिटं कमी पडतात, म्हणून पोरगा एका पाकिटात दोन ब्रेस्ट घालतो. शेजारी शेजारी ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण व्हॅक्यूम ओढताना ती सरकतात आणि एकमेकांवर चढतात. मग पाण्याच्या दृष्टीने तो 50 मिलिमीटरचा एकच तुकडा होतो. जाडी दुप्पट झाली म्हणून वेळ दुप्पट पुरत नाही. गाभा तापायला साडेतीन तासांच्या घरात जातात, त्यावर पस्तीस मिनिटं. दोन तासांनी काढलेल्या अशा पाकिटात जिथे दोन तुकडे चिकटलेले असतात, तिथे गाभा अजून पाण्याच्या तापमानाच्या बराच खाली असतो. वरून मात्र सगळं पांढरं, घट्ट, झकास दिसतं. रंगावर जाऊ नका. हाडाजवळची गुलाबी छटा पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही राहते आणि पांढरेपणा पुरेसा वेळ मिळण्याआधीच येतो. खात्री करायची तर एकच मार्ग : पाकिटावर बंद पेशींच्या फोमची चिकटपट्टी लावायची, तिच्यातून सुईसारखा प्रोब सर्वांत जाड जागी घालायचा, म्हणजे पाकिटात पाणी शिरत नाही. आणि प्रोब घालायचा तो टाकीच्या मध्यावरच्या, सर्वांत जाड पाकिटात. कडेच्या सोयीच्या पाकिटात घालून काही कळत नाही. तरंगणारं पाकीट दिसलं तर त्याच्यावर वजन ठेवा. पाण्याबाहेर राहिलेला भाग शिजत नाही, नुसता कोमट होतो.

कोमटचं भय खरं आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू 52 अंशांच्या थोडं वरपर्यंत वाढू शकतो, आणि त्याला हवा नसलेली जागा आवडते, म्हणजे आपलं पाकीटच. म्हणून 54-55 च्या खाली दीर्घकाळ शिजवणं मी माझ्या किचनमध्ये बंद केलं आहे. जाड तुकड्याचा गाभासुद्धा सहा तासांच्या आत 54 ओलांडून जायला हवा. अख्खा, हाडासकट, मोठा तुकडा असेल तर तो आधी सोडवून घ्या.

आपल्याकडचा एक खास मुद्दा इथे येतो. अखंड मांसाच्या तुकड्यात जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, म्हणून युरोपातला शेफ बाहेरून कडक शेकलेलं, आत लालसर मांस बिनधास्त वाढतो. आपण मात्र रानेला चिरे देतो, काट्याने टोचे मारतो, मसाला आत जावा म्हणून. मसाल्याबरोबर वरचे जंतूही आत जातात. खिम्याची तीच गत. म्हणजे टोचलेल्या मांसाला ‘आत स्वच्छ असतं’ हा नियम लागू नाही, गाभ्याचं पूर्ण पाश्चरायझेशन व्हायलाच हवं. रान साठ-बासष्टला रात्रभर ठेवलीत तर ते आपोआप होतं. पण तिला कच्च्या पपईचं वाटण चोपडून ठेवू नका. पपईतला पपेन साधारण 65 अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतो. शेगडीवर तो त्या पट्ट्यातून झटकन पुढे जातो आणि मरतो. पाण्यात मात्र तो बारा तास तिथेच बसतो, आणि सकाळी रान हाडावरून रव्यासारखी गळते. सू-वीद स्वतःच मांस मऊ करतं, पपईची गरजच नाही.

आता अंडी. इथे आकड्यांची गंमत आहे. अमेरिकेत कवचासकट अंडी पाश्चराइझ करण्यावर झालेल्या अभ्यासात 57 अंशांवर 75 मिनिटं ही जोडी पुढे आली. पाण्यातून काढलेलं अंडं फोडलंत तर पांढरं पातळच असतं, फक्त किंचित धूसर. मेयोनीज, तिरामिसू, चॉकलेट मूस, जिथे अंडं कच्चंच जातं, तिथे हेच वापरायला हवं, कारण साल्मोनेला कवचाच्या आत, अंडं बनतानाच शिरलेला असू शकतो. कवच कितीही घासून धुतलंत तरी उपयोग नाही. मेरिंगसाठी मात्र हे पांढरं फुलायला जास्त वेळ घेतं, हे पेस्ट्रीवाल्यांनी गृहीत धरावं. साठच्या पुढे, एकसष्टच्या सुमारास पांढऱ्यातलं एक प्रथिन घट्ट व्हायला लागतं आणि अंडं कच्चं राहत नाही. म्हणजे आपल्याला काम करायला मोजून दोन-तीन अंशांची जागा आहे. साठ गार अंडी एकदम सोडलीत की पाणी तीन-चार अंशांनी खाली येतं. पंचाहत्तर मिनिटं मोजायची ती पाणी पुन्हा 57 ला आल्यावर, टाकल्या क्षणापासून नव्हे.

दुसऱ्या बाजूला ब्रंचवाल्यांचं आवडतं अंडं आहे : 75 अंश, तेरा मिनिटं. पांढरं सेट, बलक वाहता. आकडा मोठा दिसतो, म्हणून सगळ्यांना तेच अधिक सुरक्षित वाटतं. ते तसं नाही. तेरा मिनिटांत उष्णता बलकाच्या मध्याशी पोहोचते न पोहोचते तोच अंडं बाहेर येतं. बलक वाहता राहिलाय तो त्यामुळेच. तिथे जंतू मारायला लागणारा वेळ मिळत नाही. उलट 57 ला सव्वा तास पडलेलं, ‘कच्चं’ दिसणारं अंडं सुरक्षित. तुम्हाला 75 चं अंडंच हवं असेल तर सोपा उपाय आहे : सकाळी सगळी अंडी 57 ला पाश्चराइझ करून घ्या, गार करा, आणि ऑर्डर आली की 75 ला तेरा मिनिटं द्या. 63 वरचं तासभराचं अंडं, ज्याचा बलक मलईसारखा होतो, त्याला हा त्रास नाही. त्याला वेळ भरपूर मिळालेला असतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त ढिलाई इथेच आहे. पाश्चरायझेशनमध्ये जंतू मरतात, त्यांचे स्पोअर मरत नाहीत. परफ्रिंजेन्सचे, बोट्युलिनमचे स्पोअर साठ अंशांना भीक घालत नाहीत. पाकीट टेबलावर निवत ठेवलंत की ते जागे होतात, आणि आत तर हवा नाहीच. काढलेलं पाकीट लगेच निम्मं बर्फ, निम्मं पाणी असलेल्या टबात जायला हवं, आणि बर्फ वितळला तर आणखी घालायचा. बोट्युलिनमचा एक प्रकार तीन अंशांच्या थोड्या वरही हळूहळू वाढू शकतो. दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा आपला लाइनवरचा फ्रिज मे महिन्यात आठ-नऊ अंशांवर असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिजवलेली पाकिटं तिथे ठेवू नका. खोलवरच्या, कमी उघडल्या जाणाऱ्या फ्रिजमध्ये तीन अंशांच्या खाली ठेवा, आणि तरीही चार-पाच दिवसांत संपवा. कुणी ‘व्हॅक्यूम आहे, पंधरा दिवस टिकतं’ म्हणालं तर त्याला फ्रिजचा थर्मामीटर दाखवायला सांगा.

या अधिवेशनासमोर मी एकच ठराव मांडतो. आपल्या बहुतेक किचनमध्ये सू-वीदच्या नोंदवहीत पदार्थ, तापमान आणि वेळ असे तीन रकाने आहेत. त्यात चौथा रकाना जाडीचा असावा, मिलिमीटरमध्ये, आणि पाकीट सील करणाऱ्याने तो पट्टी लावून भरावा. पाचवा, गार पाण्यात टाकल्याची वेळ. ज्यांना हा ठराव मान्य नाही, त्यांनी दुपारच्या सत्रात बोलावं. तिथे अंडी आणि वॉटर बाथ दोन्ही ठेवली आहेत.